दरवाढीचं पत्र: खोक्यांच्या कारखान्यातल्या साडेचार महिन्यांच्या नोंदी

आम्ही पुठ्ठ्याची खोकी बनवतो. तीन प्लाय आणि पाच प्लाय, म्हणजे तीन थरांची आणि पाच थरांची, बहुतेक साधी, थोडी छापील. नियमित ग्राहक ४१. कागद महागला म्हणून दर वाढवायचे आणि तसं जुन्या ग्राहकांना कळवायचं, एवढंच काम होतं. दोन दिवसांत उरकेल असं वाटलं होतं. खाली जे लिहिलंय ते त्या त्या दिवशी वहीत टिपलेलं आहे, थोडं साफ करून. रक्कम कुठेच दिलेली नाही. खोक्याचा जुना विक्रीदर १०० धरून सगळे आकडे आहेत, म्हणजे कुणालाही आपले आकडे त्यात बसवता येतील.

१८ जानेवारी

कागदाच्या गिरणीचं पत्र आलं. १ फेब्रुवारीपासून जो माल निघेल त्याला लायनर १४ टक्के महाग, फ्लूटचा कागद २० टक्के महाग. (लायनर म्हणजे खोक्याचे सपाट थर. फ्लूट म्हणजे मधला नागमोडी थर.) जुन्या दरात जास्तीचा कागद मिळतो का विचारलं, तर नेहमीच्या महिन्याच्या मालापेक्षा एक रीळही जास्त नाही असं उत्तर आलं.

रागाच्या भरात संध्याकाळीच सगळ्यांना मेसेज टाकणार होतो: "कागद महागल्याने १ तारखेपासून १५ टक्के वाढ." हिशोब बघणाऱ्या ताईंनी फोन हातातून काढून घेतला. "पंधरा कुठून आला ते आधी मला सांगा," म्हणाल्या. सांगता आलं नाही. चौदा आणि वीसच्या मधला कुठलातरी आकडा, एवढंच ते होतं.

१९ ते २१ जानेवारी

तीन दिवस हिशोबात गेले. त्यातला दीड दिवस एका चुकीत.

पाच प्लायच्या खोक्यात तीन लायनर आणि दोन फ्लूट असतात. आमचा नेहमीचा लायनर चौरस मीटरला १५० ग्रॅम, फ्लूट १२० ग्रॅम. मी सरळ ४५० अधिक २४० असा कागद धरला आणि दराने गुणला. १०० च्या खोक्यात कागद ५५ चा निघाला. ताईंनी मागच्या तिमाहीची कागदाची खरेदी आणि विक्री समोर ठेवली, तर तिथे ६२. सात कुठे गेले?

आधी वाटलं, कतरणीत गेले. कतरण मोजली, तीही आधीच धरलेली होती. शेवटी मशीनवरच्या मिस्त्रींनी हसत सांगितलं, "साहेब, फ्लूट सरळ नाही हो, लाटेलाटेनं जातो." एक मीटर खोक्याला फ्लूटचा कागद एक मीटर लागत नाही. आमच्या रोलरवर १.४ मीटर लागतो. लाट उंच असेल तर जास्त, बारीक असेल तर कमी. हे मला माहीत नव्हतं असं नाही, रोज डोळ्यांसमोर आहे. पण कागदावर हिशोब मांडताना विसरलो. २४० ला १.४ ने गुणलं की ३३६, आणि ते सात सापडतात.

ही चूक तशीच राहिली असती तर सगळ्यात जास्त महागलेला कागदच मी कमी धरला असता, आणि वाढ जवळजवळ दीडने कमी मागितली असती. आमचा नफा १०० मागे ८ आहे. त्यातून दीड दर महिन्याला गुपचूप गेला असता आणि वर्षाअखेरीला कळलं असतं.

दुरुस्त केलेला हिशोब असा. १०० पैकी लायनर ३८, फ्लूट २४, खळ-शाई-तार ६, मजुरी आणि वीज १४, वाहतूक ६, किरकोळ ४, नफा ८. लायनरची वाढ ५.३, फ्लूटची ४.८. बेरीज १०.१. आता यातून एक गोष्ट वजा करावी लागते जी आम्ही आधीच्या कुठल्याच दरवाढीत केली नव्हती: कागद महागला की आम्ही विकतो त्या कतरणीलाही जास्त पैसे मिळतात. ते साधारण ०.५. म्हणजे खरी वाढ ९.६.

तीन प्लायमध्ये फ्लूट एकच, कागदाचा वाटाही कमी. तिथे हीच रीत लावली तर ८.५ येते.

२३ जानेवारी

ताईंशी वाद. नफ्याचा आकडा तसाच ठेवायचा की टक्का तसाच ठेवायचा?

खर्च ९२ चा १०१.६ होतो. नफा ८ चा ८ ठेवला तर नवा दर १०९.६. नफा विक्रीच्या ८ टक्के ठेवला तर ११०.४. ताईंचं म्हणणं ११०, कारण उधारी ४५ दिवसांची आहे आणि आता तेवढ्याच खोक्यांमागे जास्त पैसे अडकणार. मुद्दा बरोबर आहे. पण पत्रात आम्ही "कागदामुळे" असं लिहिणार. मग आकडा फक्त कागदाचाच हवा. उद्या एखाद्याने हिशोब दाखवा म्हटलं तर त्यात आमचं व्याज निघायला नको. व्याजाचं वेगळं बघू, उधारीचे दिवस कमी करून.

ठरलं: पाच प्लाय ९.५ टक्के, तीन प्लाय ८.५ टक्के. सगळ्यांना सरसकट ९ लावायचा मोह झाला होता, एक ओळीत काम होतं. पण आमचे अकरा ग्राहक फक्त तीन प्लाय घेतात. त्यांनी पाच प्लायवाल्यांचा भार का उचलायचा?

२५ जानेवारी

तारीख कुठली? गिरणीची वाढ १ फेब्रुवारीपासून. त्या दिवशी गोदामात जुन्या दराचा कागद २४ कामाच्या दिवसांचा असेल. आठवड्याला सहा दिवस काम, म्हणजे तो फेब्रुवारीअखेरपर्यंत पुरतो. म्हणून १ मार्च. जुन्या कागदाची खोकी जुन्या दराने, नव्या कागदाची नव्या दराने. समजावायला इतकं सोपं दुसरं काही सापडलं नाही.

मिस्त्रींनी विचारलं, "पण संपलेला कागद पुन्हा नव्या दरानेच भरायचाय ना?" हो, भरायचाय, आणि त्याला पैसे आत्ताच लागतात. या हिशोबाने बघणारे १ फेब्रुवारीपासूनच वाढवतात, आणि ते चुकत नाहीत. आम्ही मात्र आगाऊ सूचना द्यायची म्हणून तो फटका पत्करला.

ताईंनी जुन्या फाइली काढल्या. चार ग्राहकांशी लेखी करार आहे: दर बदलायचा तर ३० दिवस आधी लेखी कळवायचं. मी हे साफ विसरलो होतो. ६ फेब्रुवारीला पत्र गेलं तर त्यांचे तीस दिवस ८ मार्चला भरतात. त्या चौघांसाठी १० मार्च ठरवली. बाकीच्यांसाठी १ मार्चच.

२ फेब्रुवारी

पत्राचा पहिला खर्डा. दीड पान झाला. सुरुवातीला आमच्या कामाला किती वर्षं झाली ते, मग जगभरात कागदाचं काय चाललंय ते, मग इंधन, मग मजुरी, मग "अत्यंत नाइलाजाने", मग "आपण समजून घ्याल अशी खात्री आहे". दराची तारीख दुसऱ्या पानावर.

मोठी बहीण एका कंपनीत खरेदी बघते, आमच्या नव्हे. तिला वाचायला दिलं. तिने दहा सेकंदांत परत दिलं. "मला हे साहेबांपुढे ठेवायचंय. ते तीनच गोष्टी विचारणार: किती, कधीपासून, का. आणि माझ्या कोणत्या खोक्याला किती. टक्के नको देऊस, मला बसून गुणाकार करायला लावू नकोस." मग जाता जाता: "आणि इंधन-मजुरी काढ. पाच कारणं दिलीस की एकही खरं वाटत नाही."

हा सल्ला फुकट मिळाला. या सगळ्या कामात तोच सगळ्यात मोलाचा ठरला.

दुसरा खर्डा, जो शेवटी गेला:

"विषय: १ मार्चपासून खोक्यांचे नवे दर

नमस्कार,

१ फेब्रुवारीपासून आम्हाला मिळणारा लायनर कागद १४ टक्क्यांनी आणि फ्लूटचा कागद २० टक्क्यांनी महागला आहे. पाच प्लायच्या खोक्याच्या दरात कागदाचा वाटा ६२ टक्के असतो, तीन प्लायमध्ये ५६ टक्के. त्यामुळे १ मार्चपासून पाच प्लायचे दर ९.५ टक्क्यांनी आणि तीन प्लायचे ८.५ टक्क्यांनी वाढतील. कागदाव्यतिरिक्त कोणताही खर्च या वाढीत धरलेला नाही.

आपण घेता त्या प्रत्येक खोक्याचा जुना आणि नवा दर मागच्या तक्त्यात आहे. कागदाचा दर १ जूनला पुन्हा तपासू. दोन्हींपैकी कुठलाही कागद ५ टक्क्यांहून जास्त वर किंवा खाली गेला असेल, तर त्याच हिशोबाने आपले दर बदलू.

हिशोब बघायचा असल्यास फोन करा, दाखवू."

"वर किंवा खाली" हे शब्द ताईंनी दोनदा खोडले आणि मी दोनदा परत घातले.

४ फेब्रुवारी

पत्र जाण्याआधी मोठ्या नऊ ग्राहकांना फोन केले. आमच्या विक्रीचा निम्म्याहून जास्त भाग या नऊ जणांचा. त्यांना ही बातमी पत्रातून पहिल्यांदा कळू नये, एवढाच हेतू. फोन सरासरी सात-आठ मिनिटांचे झाले. दोघं ओरडले. एक म्हणाले, "मला वाटलंच होतं, बाकीच्यांनी आधीच पाठवलीत पत्रं."

एक फोन नीट लिहून ठेवतो. काचेच्या बरण्या पाठवणारे ग्राहक. शांत आवाजात म्हणाले, "तुमचं बरोबर असेल हो, पण माझ्या बरणीचा दर मला वर्षभर बदलता येत नाही. मी काय करू?"

मी म्हटलं, "तुमचं खोकं समोर घ्या आणि बरण्या भरून वर किती जागा राहते ते मोजा." अर्ध्या मिनिटाने म्हणाले, दोन-अडीच सेंटिमीटर. तिथे कागदाचा चुरा भरतात म्हणे.

त्यांचं खोकं ४०० बाय ३००, उंची २५० मिलिमीटर. अशा साध्या खोक्याच्या सपाट तावाची रुंदी म्हणजे उंची अधिक खोक्याची रुंदी, कारण वरची आणि खालची पाकळी प्रत्येकी अर्ध्या रुंदीची असते. म्हणजे ५५०. उंची २० ने कमी केली की ५३०. कागद ३.६ टक्क्यांनी कमी. वाढ पूर्ण जात नाही, पण साधारण पाव भाग सुटतो, आणि वरचा चुराही वाचतो. नमुना करून पाठवतो म्हटलं. आधी बरण्या भरून, एकावर एक रचून बघा, मगच हो म्हणा, हेही सांगितलं. बरणीचं झाकण खोक्याच्या वरच्या पाकळीला टेकलं तर रचलेल्या थराचं वजन काचेवर येतं, आणि मग आमच्या साडेतीन टक्क्यांना काही अर्थ राहत नाही.

दर वाढवायला फोन केला आणि खोकं लहान करून ठेवला. हा प्रश्न इतरांनाही विचारायला हवा होता. पत्रात घालायचं राहून गेलं.

६ फेब्रुवारी

४१ पत्रं गेली. प्रत्येकाला त्याच्या खोक्यांचा तक्ता जोडून. दुपारी तीनला शेवटचं गेलं आणि चहा घेतला.

साडेचारला फोन. "हे दर आमचे नाहीत. आमचं खोकं यात नाहीच."

तक्ता उघडला. यादीत एका ग्राहकाचं नाव राहिलं होतं ते मी सकाळी मध्येच घातलं, पण फक्त नावांच्या रकान्यात. दरांचा रकाना होता तिथेच राहिला. त्या नावाच्या खालची पाच नावं एक घर खाली सरकली. ते नवं नाव धरून सहा जणांना दुसऱ्याचे दर गेले.

७ फेब्रुवारी

सहाही जणांना एकेक करून फोन केले. पत्र बदलून पाठवतो, आधीचं काढून टाका. पाच जण ठीक म्हणाले. सहावे म्हणाले, "काढून टाकतो, पण माझ्याच मापाचं खोकं त्यांना माझ्यापेक्षा चार टक्के स्वस्त का?"

कारण आहे. ते दुसरे ग्राहक एका वेळी दहापट माल घेतात, छपाई नाही, मशीन एकदा लावलं की दिवसभर तेच चालतं. यांचा माल दर वेळी थोडा, दोन रंगांत, आणि प्रत्येक वेळी ब्लॉक बदलावा लागतो. हे सगळं खरं असून फोनवर सांगताना ते थाप वाटत होतं, हे माझं मलाच कळत होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मार्चपासून त्यांच्याकडून ऑर्डर आलेली नाही. (३१ मार्चला जोडलेली ओळ.)

आता नियम केला: पत्रं पाठवण्याआधी यादीतली पहिली, मधली आणि शेवटची नोंद जुन्या बिलाशी ताडून बघायची. पाच मिनिटं लागतात. काल ती पाच मिनिटं चहाला गेली.

११ फेब्रुवारी

ऑर्डरी धो धो येतायत. मिस्त्री खूश, मी पण होतो, दुपारपर्यंत.

खेळणीवाल्यांची ऑर्डर आली: चार महिन्यांची खोकी, आजच्या तारखेची, उचल एप्रिल ते जुलै दर महिन्याला, दर जुना. मी फोन केला, "एप्रिलचा माल जुन्या दराने कसा?" ते म्हणाले, "पत्रात १ मार्चपासून म्हटलंय. माझी ऑर्डर फेब्रुवारीतली आहे."

पत्र पुन्हा वाचलं. "१ मार्चपासून पाच प्लायचे दर वाढतील." काय १ मार्चपासून? त्या दिवसानंतर आलेली ऑर्डर, त्या दिवसानंतर निघालेला माल, की त्या दिवसानंतर केलेलं बिल? माझ्या डोक्यात माल निघायची तारीख होती. त्यांच्या डोक्यात ऑर्डरची. पत्रात दोन्ही नाही. इतका वेळ टक्केवारीच्या दशांशावर भांडलो आणि तारखेच्या ओळीकडे एकदाही नीट बघितलं नाही.

१४ फेब्रुवारी

तीन दिवस रखडलो हीसुद्धा चूकच, या तीन दिवसांत आणखी ऑर्डरी आल्या. आज खुलासा गेला:

"आमच्या ६ फेब्रुवारीच्या पत्रात एक गोष्ट स्पष्ट नव्हती. १४ फेब्रुवारीपर्यंत लेखी मिळालेल्या ऑर्डरींपैकी १५ मार्चपर्यंत उचलला जाणारा माल जुन्या दराने मिळेल. १५ फेब्रुवारी ते २८ फेब्रुवारी संध्याकाळी ६ पर्यंत मिळालेल्या ऑर्डरी, आपल्या मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी एका महिन्याच्या मालापर्यंत, जुन्या दराने घेऊ. त्यांचीही उचल १५ मार्चपर्यंत हवी. त्यानंतर आमच्या दारातून निघणाऱ्या प्रत्येक मालाला, ऑर्डर कधीचीही असो, नवे दर लागतील. ज्यांना १० मार्चची तारीख दिली आहे त्यांच्यासाठी २८ फेब्रुवारी आणि १५ मार्च या दोन्ही तारखा दहा दिवस पुढे धरा."

खेळणीवाल्यांचं काय करायचं यावर ताई आणि मी पुन्हा आमनेसामने. ताईंचं मत: खुलासा सगळ्यांना सारखा, त्यांचा फक्त १५ मार्चपर्यंतचा माल जुन्या दराने. माझं मत: त्यांनी ऑर्डर दिली तेव्हा हा खुलासा नव्हता, पत्राचा त्यांनी लावलेला अर्थ चुकीचा म्हणता येत नाही. मधला रस्ता निघाला. चारपैकी दोन महिन्यांचा माल जुन्या दराने, मार्चअखेरपर्यंत सगळा उचलायचा, ठेवायला जागा त्यांची. ते लगेच तयार झाले. इतक्या पटकन की वाटलं, एकाच महिन्यावर सौदा झाला असता.

२ मार्च

जुन्या दराच्या ऑर्डरींचा ढीग मोजला. जुना कागद २८ फेब्रुवारीला संपला आणि जुन्या दराचं ९ दिवसांचं काम अजून बाकी आहे. ते नव्या कागदात करायचं. १०० च्या खोक्याला आता खर्च १०१.६. म्हणजे नऊ दिवस नफ्याचे ८ तर गेलेच, वर खिशातून १.६. एका ओळीत न लिहिलेल्या "ऑर्डर की उचल"ची ही किंमत. खोकी एरवीही एवढी विकली गेली असती का हे सांगता येत नाही, पण मार्चमधली काही विक्री फेब्रुवारीत ओढली गेली हे उघड आहे. तीन ग्राहकांचं गोदाम सध्या आमच्याच खोक्यांनी भरलंय.

१७ मार्च

ताईंनी बिलं तपासली. सात बिलं जुन्या दराने गेलीत, सगळी नव्या दराच्या मालाची.

बिलाच्या प्रोग्राममध्ये नवे दर २८ फेब्रुवारीलाच भरले होते. पण नेहमीच्या ग्राहकाची ऑर्डर टाकायला मुलगा "मागची ऑर्डर पुन्हा" हे बटण दाबतो, आणि ते बटण दराच्या यादीतून दर घेत नाही, मागच्या ऑर्डरीतला दर जसाच्या तसा उचलतो. आम्हाला हे कधीच कळलं नव्हतं, कारण दोन वर्षांत दर बदललेच नव्हते. त्या मुलाची यात काही चूक नाही.

सातही जणांना फोन. पाच जणांनी दुरुस्त बिल घेतलं. दोघांनी पैसे आधीच भरले होते, त्यांच्याकडे फरक मागितला नाही. आता मुलगा दर वेळी नवी ऑर्डर टाकतो. बिलामागे दोन मिनिटं जास्त जातात, त्याची कुरकुर चालू आहे.

३१ मार्च

४१ पैकी ३८ ग्राहकांनी नव्या दराने ऑर्डर दिली किंवा देतो म्हणाले. दोन गेले. एक तो सहावा, तक्त्याच्या घोळातला. दुसऱ्याने सरळ सांगितलं की दुसरीकडे सहा टक्के स्वस्त मिळतंय. त्याला त्या खोक्याचा लायनर वजन करून बघा म्हटलं. चौरस मीटरला १५० च्या जागी १२० ग्रॅमचा असेल तर स्वस्त मिळणारच. त्याने बघितलं की नाही माहीत नाही. तिसरा हो-नाही करत बसलाय.

हिशोब दाखवा असं म्हणत फक्त दोनच जण आले. दोघांना वहीच दाखवली. त्यातल्या एकाने कतरणीच्या ०.५ वर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं." नंतर चहा पिताना त्याने उधारीचे दिवस ४५ वरून ६० करून मागितले. नाही म्हटलं.

वेळ किती गेला: हिशोब तीन दिवस, पत्र एक दिवस, फोन आणि खुलासे मिळून सहा दिवसांच्या आसपास. फोनांपैकी निम्मे आमच्याच चुका निस्तरण्यासाठी.

१ जून

तपासणीची तारीख. फ्लूटचा कागद फेब्रुवारीच्या दरापेक्षा ६ टक्क्यांनी उतरलाय. लायनर २ टक्क्यांनी चढलाय.

ताई म्हणाल्या, "एक उतरला, एक चढला, बरोबरी झाली. गप्प बसू." पण पत्रात ५ टक्के लिहिलंय. लायनर त्या मर्यादेत आहे, फ्लूट नाही. फ्लूटचे २४ फेब्रुवारीत २८.८ झाले होते, त्याचे ६ टक्के म्हणजे १.७. आजच्या १०९.५ च्या दरावर दीड टक्का. लायनरची २ टक्के वाढ, म्हणजे जवळजवळ ०.९, आमच्याच नियमाने आमच्याच गळ्यात. पुढच्या वेळी ५ टक्क्यांची मर्यादा प्रत्येक कागदाला वेगळी न लावता खोक्यातल्या एकूण कागदाला लावीन. तेव्हा ते सुचलं नाही.

पाच प्लाय दीड टक्क्याने कमी. तीन प्लायमध्येही त्याच रीतीने १.३ कमी येतं, तिथे सव्वा टक्का.

पत्र वीस मिनिटांत झालं. या वेळी तारखेची ओळ अशी: "१० जूनपासून आमच्या दारातून निघणाऱ्या सर्व मालाला, ऑर्डर कोणत्याही तारखेची असली तरी." पहिली, मधली, शेवटची नोंद ताडून बघितली. मग पाठवलं.

संध्याकाळी बरणीवाल्यांचा फोन आला. "तक्त्यात चूक आहे बहुतेक. नवा दर जुन्यापेक्षा कमी छापलाय."